फोटोतल्या बाईला नऊवारी नेसवताना

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचं पोस्टर करायचं काम आमच्या भागातल्या एका मंडळाने माझ्याकडे दिलं, आणि त्यात एक अट घातली. पोस्टरवर मॉडेल नको, मंडळातल्याच बायका हव्यात. फोटो मात्र सगळे साध्या कपड्यांतले होते, कारण ते मीटिंगच्या दिवशी घाईत काढलेले. एका वहिनींचा उभा फोटो, कुर्ता आणि जीन्समध्ये, हातात भगवा झेंडा. दुसरा फोटो बुलेटवर बसलेल्या एका ताईंचा. त्यांचे कपडे बदलून अंगावर नऊवारी दाखवायची होती. दोघींना विचारलेलं होतं, दोघींची हरकत नव्हती, फक्त "आम्हाला नीट दाखव गं बाई" एवढंच म्हणणं होतं. फोटो एडिट करणारं एआय टूल मी रोज वापरते, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं.

पहिल्या वेळी मी कुणीही लिहील तेच लिहिलं:

```
Change her clothes to a green nauvari saree, traditional Maharashtrian look
```

आलेलं चित्र पहिल्या नजरेत सुंदर होतं. नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, अंबाड्यावर गजरा, हिरव्या चुड्यासारख्या बांगड्या, साडीला रुंद जरीकाठ. सगळं मराठमोळं. फक्त साडी सहावारी होती. समोर निऱ्यांचा सरळ पंखा, तो थेट जमिनीपर्यंत, खाली परकराचा घेर जाणवतोय आणि दोन्ही पाय एकाच कापडाच्या नळीत. मंडळाच्या माणसांना मी ते दाखवलं असतं तर पुरुषांनी कदाचित पासही केलं असतं. बायकांनी केलं नसतं.

मी माझ्या आत्याला पाठवलं. आत्या सातारा जिल्ह्यातल्या गावात राहते आणि अजून रोज लुगडं नेसते. तिचा फोन आला. "अगं ही गोल साडी नेसलीय की. काष्टा कुठाय हिला?"

गोष्ट तिथेच अडकली होती. 'नऊवारी' म्हटल्यावर टूलला रंग, काठ आणि दागिने समजत होते, नेसण समजत नव्हती. आणि माझ्या मते त्यामागचं कारण सरळ आहे. नेटवर 'साडी' म्हणून जे फोटो आहेत त्यात गोल नेसलेल्या साड्यांचा ढीग आहे, म्हणून साडी हा शब्द आला की आकार ठरून जातो: कमरेपासून खाली एक घेर. 'नऊवारी'ने त्या घेरावर मराठी सजावट चढते, घेर मोडत नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. नको ते सांगितलं. सहावारी नको, स्कर्ट नको, परकर नको. त्याने उलट झालं. घेर आणखी ठसठशीत आला, एकदा तर परकराची लेससुद्धा निघाली. ज्या वस्तूचं नाव लिहाल ती चित्रात येण्याची शक्यता वाढते, तिच्यापुढे 'नको' असलं तरी. काही टूलमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे ते बऱ्यापैकी चालतं. माझ्या टूलमध्ये एकच रकाना होता. तेव्हापासून मी नकार लिहिणं बंद केलं आणि हवं ते काय, एवढंच लिहायचं ठरवलं.

पुढचा विचार धोतराचा. कारण नऊवारी खालच्या अंगाला धोतरासारखीच चालते, कासोटा दोन्हीकडे आहे. 'धोती स्टाइल साडी' असं लिहिलं. आता घेर मोडला, पण गाडी दुसऱ्या बाजूला घसरली. एका चित्रात वहिनींच्या अंगावर पांढरं मर्दानी धोतर आणि वर कुर्ता. दुसऱ्यात साटीनची शिवलेली धोती पँट, घोट्याशी चुण्या आणि कमरेला इलॅस्टिक. लग्नसराईत भाड्याने मिळते तशी. पदर तर गायबच, त्याच्या जागी खांद्यावर ओढणी टाकलेली. ते आत्याला पाठवलं नाही, पण तिने ते पाहिलं असतं तर काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

इथे मी टूल बाजूला ठेवलं आणि आत्याला व्हिडिओ कॉल लावला. "आत्या, एकदा नेसून दाखव ना, सावकाश." ती म्हणाली, "मी नेसलेलीच आहे की, बघ." मग हसून तिने दुसरं लुगडं काढलं. मी लहानपणापासून तिला बघतेय, तरी मला क्रम सांगता आला नसता. बघणं वेगळं, सांगता येणं वेगळं.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. सहावारी साडेपाच मीटर. हा जो पावणेतीन मीटरचा फरक आहे तो पदर मोठा करायला नाही, तो दोन्ही पाय वेगवेगळे झाकायला लागतो. खाली परकर नसतो, त्यामुळे सगळं कापड कमरेच्या गाठीवर आणि खोचण्यावर उभं. आत्याने एक टोक धरून कमरेभोवती कापड घेतलं, पुढे बेंबीजवळ घट्ट गाठ मारली, लांब भागातून पदर काढून डाव्या खांद्यावर टाकला. मध्ये उरलेल्या कापडाच्या निऱ्या घातल्या आणि त्या पुढे खोचल्या. इथपर्यंत समोरून बघणाऱ्याला सहावारीच वाटावी. मग ती किंचित वाकली, निऱ्यांच्या खालचा काठ मधोमध उचलला, दोन पायांमधून मागे नेला, मागे ताणून सारखा केला आणि पाठीच्या मध्यावर कमरेत खोचला. तो कासोटा. त्या एका हालचालीत घेराच्या दोन विजारी झाल्या.

पहिल्यांदाच मी नीट पाहिलं की त्या हालचालीनंतर काठ कुठे जातो. सहावारीत खालचा काठ जमिनीला समांतर, पावलांभोवती गोल फिरतो. नऊवारीत तोच काठ मधून वर ओढला गेल्यामुळे पोटरीवर तिरपा चढतो, आतल्या बाजूने मागे वळतो आणि मागे कासोट्याबरोबर वर जातो. समोर निऱ्या कमरेतून निघतात, मांड्यांच्या मधून उतरतात आणि गुडघ्यांच्या आसपास मागे वळून दिसेनाशा होतात. त्या जमिनीवर पोचतच नाहीत. मांडीवर कापड सैल, पोटरीकडे आवळत जाणारं. घोटे उघडे. शेतात जायचं असलं की आत्या तो काठ आणखी वर ओढून पोटरीच्या अर्ध्यावर आणते.

कॉल चालू असतानाच मी तिच्या परवानगीने स्क्रीनवरून फोटो काढून घेतले: समोरून, बाजूने, मागून. चेहरा कापून फक्त कमरेखालचा भाग ठेवला, कारण अख्खा फोटो दिला की टूल चेहरासुद्धा उसना घेतं, आणि वहिनींच्या जागी सत्तरीतली बाई येते.

आता लिहायची पद्धत बदलली. नेसणीचं नाव लिहायचं नाही, कापडाचा रस्ता लिहायचा. कापड कुठून निघालं, कुठून गेलं, कुठे खोचलं, आणि त्यामुळे डोळ्यांना काय दिसतं. आणि त्याहून महत्त्वाचं, काम दोन टप्प्यांत तोडलं. पहिल्या टप्प्यात 'साडी' हा शब्दच नाही. फक्त कमरेखालचं वस्त्र. कारण पदर आणि साडी हे शब्द आले की घेर परत येत होता, कितीही चांगलं वर्णन लिहा. पाय आधी पक्के झाले की मग वरचं अंग.

पहिल्या टप्प्यासाठी जे शेवटी चाललं ते असं:

```
Replace only the clothing below her waist. Keep everything else unchanged.
One long unstitched cotton cloth, bottle green, wide maroon and gold border.
Loose pleats begin at the front of the waist, fall between the thighs,
then curve backward between the knees and go out of sight.
Each leg is wrapped separately: loose at the thigh, close at the calf.
The border runs slantwise across each calf.
Bare ankles and feet. Background visible between the calves.
```

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ एखाद्या बिघडलेल्या चित्रामुळे आली आहे. 'न शिवलेलं एक लांब कापड' लिहिलं नाही तर सलवार येते. 'सुती' लिहिलं नाही तर ते चकचकीत भाड्याच्या धोती पँटचं साटीन परत येतं. 'पोटरीवर तिरपा काठ' ही सगळ्यात कामाची ओळ, कारण तिरपा काठ घेरावर बसूच शकत नाही. तो दाखवायचा तर टूलला पाय वेगळे करावेच लागतात. आणि 'पोटऱ्यांच्या मध्ये मागची जागा दिसते' ही ओळ म्हणजे त्याच गोष्टीला दुसऱ्या बाजूने घातलेलं कुंपण. दोन पायांमध्ये रस्ता, भिंत, काहीतरी मागचं दिसायला हवं असेल तर तिथे कापड असू शकत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. 'पायांच्या मधून' असं मी आधी सरळ लिहिलं होतं, तर काही वेळा टूलने सूचनाच नाकारली. मागून दिसणाऱ्या फोटोत तर शरीराच्या भागाचं नाव लिहिलं की हमखास. नऊवारी ही अंगभर झाकणारी साडी, पण तिचं वर्णन मशीनला आगाऊ वाटतं. म्हणून 'गुडघ्यांच्या मधून' आणि 'कमरेच्या मागच्या मध्यावर' अशी भाषा ठेवली. अर्थ तोच, अडथळा नाही.

वर्णन बरोबर असूनही पहिली काही चित्रं फसली, आणि त्याचं कारण शब्दांत नव्हतं. वहिनींचा कुर्ता गुडघ्यापर्यंत ए-लाइन होता, खाली पसरत जाणारा. ब्रशने बदलायचा भाग निवडताना मी कुर्ता आणि जीन्स यांच्या कडेनेच रंगवलं होतं. टूलला जी जागा दिली तिचाच आकार घेरासारखा, मग तो घेरच भरणार. उपाय उलटा करावा लागला. निवडलेला भाग मोठा केला: कमरेपासून पावलांच्या खालपर्यंत, दोन्ही बाजूंना वीतभर जास्त, आणि मुख्य म्हणजे दोन पायांच्या मधली मोकळी जागासुद्धा रंगवली. ती रंगवली नाही तर टूल तिथे रस्ता पुन्हा काढू शकत नाही. मूळ फोटोशी किती चिकटून राहायचं ते ठरवणारी जी पट्टी असते, तीही या टप्प्यात बरीच सैल सोडली. घट्ट ठेवली की कुर्त्याचा घेर भुतासारखा परत डोकावतो.

जीन्सचा मात्र फायदा झाला. वहिनी पाय थोडे फाकवून उभ्या होत्या आणि दोन पाय फोटोत वेगळे दिसत होते. त्याच दिवशी आणखी एकींचा फोटो मिळाला होता, त्या आधीच सहावारीत होत्या. मला वाटलं साडीवरून साडी सोपी जाईल. ती सगळ्यात अवघड गेली. पाय कुठे आहेत हेच फोटोत नाही, आणि निऱ्यांचा पंखा इतका ठाम की टूल त्याला हात लावायला तयार नाही. शेवटी त्यांना सलवार-कुर्त्यात, एक पाऊल पुढे टाकून, थोडं तिरकं उभं राहून पुन्हा फोटो काढायला सांगितलं. ज्यांना असं काम करायचंय त्यांना मी आता आधीच सांगते की पँटमधला फोटो द्या, पावलं दिसू द्या, पाय जोडून उभं राहू नका. सावधान पोझमध्ये खरी नऊवारीसुद्धा समोरून गोल साडीसारखी दिसते, तिथे मशीनचा काय दोष.

पायांचं चित्र जमल्यावर आत्याला पाठवलं. तिने मोठं करून बघितलं असावं, कारण उत्तर यायला वेळ लागला. "पाय झाले. पण ही सुरवार वाटतीय. निऱ्या कुठनं निघाल्या?"

बरोबर होतं. दोन पाय वेगळे झाले म्हणजे नऊवारी झाली असं नाही. सलवारीचेही पाय वेगळे असतात. फरक तीन ठिकाणी बघायचा. सलवारीला मांड्यांच्या मध्ये शिवण असते आणि तिथून चुण्या दोन्हीकडे फुटतात. नऊवारीत तिथे शिवण नाही, वरून आलेल्या निऱ्या आत शिरताना दिसतात. सलवारीचा घोट्याशी गोल पट्टा बंद होतो. नऊवारीचा काठ उघडा, एका बाजूला दुसऱ्यावर चढलेला, तिरपा. आणि सलवारीला पुढे कमरेत काही नसतं, तर नऊवारीत खोचलेल्या निऱ्यांचा एक फुगीर गठ्ठा बेंबीखाली दिसायलाच हवा. माझ्या चित्रात काठ बरोबर होता, पण निऱ्या पुसट होत्या आणि कमरेचा गठ्ठा नव्हता. मी फक्त पोटावरचा तेवढा भाग निवडून 'सहा-सात खोल निऱ्या एकत्र कमरेत खोचलेल्या, त्यामुळे तिथे कापड जाड' असं लिहिलं. संपूर्ण चित्र पुन्हा काढण्यापेक्षा असा छोटा तुकडा दुरुस्त करणं केव्हाही बरं. जमलेले पाय हातचे जात नाहीत.

दुसरा टप्पा वरच्या अंगाचा. इथे निवडलेला भाग कमरेच्या वर ठेवला, खाली फक्त निऱ्यांच्या गठ्ठ्याला जेमतेम शिवेल इतका. सूचना साधी: त्याच हिरव्या कापडाचं मोकळं टोक उजव्या कमरेकडून छातीवरून तिरकं जाऊन डाव्या खांद्यावरून मागे पडतं, काठ तोच मरून-सोनेरी, आत खणाची आखूड बाह्यांची चोळी. 'त्याच' हा शब्द आणि रंग पुन्हा लिहिणं गरजेचं, नाहीतर पदर एका कापडाचा आणि पाय दुसऱ्या कापडाचे होतात. खणाच्या चोळीबद्दल टूलला फारसं माहीत नव्हतं, मी 'बारीक बुट्ट्या, काठाला रंगीत पट्टी' असं सांगून भागवलं. नथ-चंद्रकोर अगदी शेवटी, वेगळ्या सूचनेत. आधी लिहिली की ती सगळं लक्ष स्वतःकडे ओढते, आणि आम्हाला पहिल्या दिवशी दिसलेलं तेच परत: दागिने चोख, नेसण गोल.

बुलेटवरच्या ताईंचा फोटो मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपा गेला. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्यामुळे घेराला जागाच नव्हती. शोभायात्रेत बायका फेटा बांधून नऊवारीत बुलेट चालवतात ते यामुळेच तर शक्य होतं. सहावारीत त्यांना मागे एका बाजूला पाय टाकून बसावं लागलं असतं. एकदा टूलने खरंच तसं केलं होतं, मला अजून हसू येतं: नाव 'साडी' वाचून गाडी चालवणाऱ्या बाईचे दोन्ही पाय एकाच बाजूला नेले, आणि हात मात्र हँडलवर.

इथला प्रश्न वेगळा होता. निऱ्या पेट्रोलच्या टाकीवर पसरून लोंबत होत्या. बसलेल्या माणसाच्या निऱ्या मांड्यांच्या मध्ये दबून जातात, त्यामुळे मी निऱ्यांची ओळ जवळजवळ काढूनच टाकली आणि भर दिला तो पोटरीवर. बाजूने दिसणाऱ्या पायात काठ गुडघ्याच्या खालून मागच्या बाजूला तिरपा जातो, तो स्पष्ट आला की बाकी सगळं पटतं. पदराबद्दल आत्यानेच टोकलं. "पदर असा सोडून गाडीवर बसतंय का कोण? चाकात जाईल की." चित्रात तो वाऱ्यावर मस्त उडत होता, पोस्टरला शोभलाही असता. पण खऱ्या यात्रेत बायका पदर कमरेला घट्ट खोचतात, पिनाही लावतात. तसा करून घेतला. मंडळातल्या एका काकांना उडता पदर जास्त आवडला होता, त्यांना चाकाची गोष्ट सांगितल्यावर विषय मिटला.

तिसरं चित्र मागून हवं होतं, यात्रेची पाठ दाखवणारं, चार बायका चालताना. मागून नऊवारी ओळखायची तर कासोट्यावरच. इथे वर्णन थोडक्यात लागतं पण अचूक लागतं: कमरेच्या मागच्या मध्यावर कापडाच्या दुमडलेल्या पट्ट्या खोचलेल्या, त्या सरळ खाली उतरून गुडघ्यांच्या मध्ये शिरतात, काठ मधोमध उभा दिसतो. समोरच्यापेक्षा इथे आत्याचा फोटो जास्त उपयोगी पडला. नुसत्या शब्दांवर टूल कासोट्याऐवजी शेपटीसारखं लोंबणारं कापड काढत होतं, किंवा पदरच मध्यावर आणून सोडत होतं. आणि चारही बायका एकदम बदलायला सांगितलं तर दोघींची जमायची, दोघींची गोल व्हायची. एकेकीला निवडून करावं लागलं. वेळ लागला, पण त्यात शॉर्टकट मला सापडला नाही.

तयार चित्र तपासायची माझी आता एक सवय झालीये. चेहरा बघायचाच नाही, पावलांपासून वर यायचं. घोटे दिसतात का. पोटऱ्यांच्या मधून मागचं दिसतं का. काठ तिरपा आहे की आडवा गोल. मग निऱ्या मागे वळतात की सरळ खाली जातात. यात काही चुकलं असेल तर वर कितीही छान असो, ते चित्र बाद. चेहऱ्यापासून सुरुवात केली की नथ आणि गजरा डोळ्यांना फसवतात आणि आपण 'हो, छान झालंय' म्हणून मोकळे होतो.

काही गोष्टी मात्र शब्दांनी झाल्याच नाहीत. जरीचा काठ मोठ्या फ्लेक्सवर छापायला गेलं की जवळून वितळल्यासारखा दिसत होता, नक्षी प्रत्येक पायावर वेगळी. ती मी आत्याच्या लुगड्याच्या काठाचा जवळून फोटो घेऊन, पोटरीच्या वळणाप्रमाणे वाकवून हाताने बसवली. डाव्या पायाचा काठ आत वळतो तिथे सावलीही हाताने दिली. आणि वेगवेगळ्या नेसणींमधले बारकावे, ब्राह्मणी पद्धतीचे ओचे, कोळणींचं गुडघ्यापर्यंतचं घट्ट नेसणं, लावणीतल्या नऊवारीचा आवळ बाज, हे फक्त नाव लिहून येत नाहीत. प्रत्येकीचा कापडाचा रस्ता वेगळा लिहावा लागतो आणि त्या त्या नेसणीचा खरा फोटो हाताशी लागतो. कोळी नेसण मी थोडी करून पाहिली. काठ गुडघ्याच्या वर आणि कापड मांडीला घट्ट एवढं लिहिल्यावर पाय बरे आले, पण मागची खोच टूलला कळली नाही. पोस्टरला ती लागणार नव्हती, म्हणून सोडून दिली.

छापायला जायच्या आधी तिन्ही चित्रं त्या बायकांना दाखवली. बुलेटवाल्या ताई खूश. वहिनींनी मोबाइल जवळ नेऊन पोटरीकडे बघितलं आणि विचारलं, काठ असाच जातो ना गं खरंच? त्यांनी स्वतः नऊवारी कधीच हाताने नेसलेली नव्हती, लग्नातली शिवलेली होती. यात्रेच्या दिवशी त्यांना नेसवायला कोण येणार, यावर मग आमचं बोलणं बराच वेळ चाललं, आणि आत्याला दोन दिवस आधी बोलवायचं ठरलं.